वाळू आरपार दिसत नाही, मग काच कशी दिसते?

प्रश्न: मी सांगलीचा. कृष्णेच्या घाटावरची वाळू मुठीत घेतली तर काळी-करडी दिसते, पलीकडचं काहीच दिसत नाही. वाळू वितळवून काच करतात म्हणे, मग ती आरपार कशी काय दिसते? आणि गार झाल्यावर परत वाळूसारखी का होत नाही? आपल्या नदीच्या वाळूची काच होईल का?

उत्तर:

काचेची वाळू मुळात पारदर्शकच असते, इथून सुरुवात करा म्हणजे बाकीचं सोपं जाईल. माझी सगळी नोकरी बाटल्यांच्या काच कारखान्यात गेली, आधी बॅच हाऊसला म्हणजे माल वजन करून मिसळतात तिथं आणि नंतर भट्टीवर, आणि आमच्याकडं वाळूचा नवीन ट्रक आला की पहिलं काम असायचं चिमूटभर वाळू भिंगाखाली धरायचं. भिंगाखाली बघितलं की पांढरी वाळू पांढरी नसतेच. एकेक दाणा स्वच्छ, पाण्यासारखा, काही दाण्यांना पिवळसर डाग, मधेच एखादा काळा. ती क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचा चुरा, म्हणजे सिलिका. एक दाणा आरपार दिसतो आणि ढीग दिसत नाही.

ढीग पांढरा दिसतो तो दाण्यांच्या पृष्ठभागांमुळं. प्रकाश हवेतून दाण्यात शिरताना साधारण ४ टक्के मागं फिरतो, दाण्यातून बाहेर हवेत जाताना परत तेवढाच, आणि दाणा वेडावाकडा असल्यामुळं जो आत जातो तो पण वाकून भलत्याच दिशेला निघतो. दाणा ०.३ मिलिमीटरचा धरा, मग एक सेंटिमीटर जाडीच्या थरात एकामागं एक तीसेक दाणे आले, म्हणजे साठ पृष्ठभाग. प्रत्येक ठिकाणी ४ टक्के गेले असं धरून हिशोब केला तर १०० मधला ८-९ भागच पलीकडं पोचतो, आणि तो पण वाकून वाकून असा विखुरलेला की चित्र काही बनत नाही. बाकीचा प्रकाश आतल्या आत आपटून आपटून परत आपल्याच डोळ्यात येतो, सगळे रंग सारखेच येतात, म्हणून पांढरं दिसतं. दाण्यानं प्रकाश खाल्लेला नसतो, फक्त त्याची दिशा मोडलेली असते.

हे घरी बघता येतं. बाथरूमच्या खिडकीची जी खरखरीत काच असते तिच्या खरखरीत बाजूला सेलोटेप घट्ट दाबून चिकटवा, किंवा नुसतं ओलं बोट फिरवा. तेवढ्या भागातनं पलीकडचं दिसायला लागतं. काच तीच आहे, फक्त वरचे खड्डे गोंदानं किंवा पाण्यानं भरले, काच आणि हवा यांच्यातली वेडीवाकडी हद्द गेली. भट्टीत एवढंच करायचं असतं, फक्त ते मालाच्या पूर्ण जाडीत करायचं असतं, आत एकही हद्द ठेवायची नाही, ना दाण्याची, ना बुडबुड्याची, ना स्फटिकाची. काचेतला जवळजवळ प्रत्येक दोष म्हणजे असली एखादी हद्द आत राहिली किंवा नंतर तयार झाली.

आता वितळवायचं कसं. नुसती सिलिका वितळायला १७०० अंश सेल्सियसच्या वर जावं लागतं, आणि वितळली तरी ती इतकी चिवट असते की तिच्यातनं बुडबुडे निघता निघत नाहीत. म्हणून सोडा ॲश घालतात, म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो ८५० अंशाच्या आसपास स्वतः वितळतो आणि त्याच्या आधीपासूनच वाळूच्या दाण्याला कडेनं खायला लागतो. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, भट्टीत वाळू खरं तर वितळत नाही, विरघळते. सोड्याचा आणि चुन्याचा पातळ रस आधी होतो आणि वाळूचे दाणे त्यात हळूहळू झिजत जातात, अगदी शेवटी शेवटी १४०० अंशाच्या वर उरलेसुरले संपतात. त्यामुळं दाण्याच्या मापाला फार महत्त्व. ०.१ ते ०.५ मिलिमीटरच्या मधला दाणा चांगला. त्याच्यापेक्षा जाड दाणे आले की ते पुरते विरघळायच्या आधीच पुढं सरकतात आणि बाटलीत पांढरा खडा म्हणून बसतात, त्याला आम्ही स्टोन म्हणतो. आणि अगदी पिठासारखी बारीक वाळू असली तर तिच्या गुठळ्या होतात, शिवाय भट्टीच्या झोतात उडून धूर जायच्या वाटेतल्या विटांच्या जाळीत जाऊन बसते, ती जाळी तुंबली की भट्टीचा श्वासच कोंडतो.

आकडे घेऊन बघू म्हणजे अंदाज येईल. बाटलीच्या किंवा खिडकीच्या काचेत साधारण ७२ टक्के सिलिका, १४ टक्क्याच्या आसपास सोडियम ऑक्साइड आणि १० टक्के चुना असतो, उरलेले चारेक टक्के ॲल्युमिना आणि मॅग्नेशियाचे, ते फेल्डस्पार आणि डोलोमाइटमधनं येतात, ते सध्या बाजूला ठेवू. १०० किलो काच पाहिजे तर वाळू ७२ किलो. १४ किलो सोडियम ऑक्साइड मिळायला सोडा ॲश २४ किलो लागते, कारण तिच्यातला १० किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. १० किलो चुना मिळायला चुनखडी १८ किलो, तिच्यातला ८ किलो वायू जातो. म्हणजे ११४ किलो माल टाकला आणि काच झाली ९६ किलो, १८ किलो वायू झाला. हा १८ किलो वायू नेहमीच्या तापमानाला मोजला तर १० हजार लिटर भरतो, आपल्याकडं उन्हाळ्यात पाण्याचा मोठा टँकर येतो तेवढा, आणि भट्टीच्या तापमानाला तो फुगून साडेपाच-पावणेसहा पट होतो. आणि ही ९६ किलो काच आहे किती तर ३८-३९ लिटर. त्या चिवट रसातनं एवढा वायू बाहेर जायचा आहे आणि शेवटचा बारीक बुडबुडा सुद्धा आत राहता कामा नये. माझ्या मते काच करण्यातलं खरं अवघड काम हे आहे, वितळवणं त्या मानानं सोपं.

मोठे बुडबुडे आपले आपण वर येतात. प्रश्न असतो बारक्यांचा, त्यांना सीड म्हणतात. १४५० अंशाला पण काचेचा रस पाण्याच्या दहा हजार पट घट्ट असतो. त्यात एक मिलिमीटरचा बुडबुडा असेल तर एक मीटर वर यायला त्याला दोन-सव्वादोन तास लागतात, चालण्यासारखं आहे. पण वर यायचा वेग बुडबुड्याच्या मापाच्या वर्गाच्या हिशोबानं कमी होतो, म्हणजे माप दहावा हिस्सा झालं की वेग शंभरावा हिस्सा. ०.१ मिलिमीटरच्या सीडला तेच एक मीटर चढायला आठ-नऊ दिवस लागतील. भट्टीत माल तेवढे दिवस थांबत नाही, साधारण एक दिवस धरा, काही भट्ट्यांत थोडा जास्त. मग करायचं काय, तर बुडबुड्याला मोठं करायचं. त्यासाठी बॅचमध्ये थोडंसं सोडियम सल्फेट टाकलेलं असतं, १०० किलो वाळूला अर्धा किलोच्या आतबाहेर. ते खालच्या तापमानाला शांत बसतं आणि १४५० च्या आसपास फुटून सल्फर डायऑक्साइड आणि ऑक्सिजन सोडतं, तो वायू नवीन बुडबुडे करण्यापेक्षा आधीच असलेल्या बारक्या बुडबुड्यांत शिरतो, ते फुगतात आणि भराभर वर निघतात. वाटेत दुसऱ्यांना पण ओढून नेतात. आणि एवढं करून जे अगदी सूक्ष्म राहिले ते पुढं काच जरा गार व्हायला लागली की त्यांच्यातला वायू काचेतच विरघळून ते नाहीसे होतात.

म्हणून एकदा साफ झालेली काच परत जास्त तापवायची नसते. पुढच्या भागात कुणी बर्नर वाढवला आणि तापमान वर गेलं की विरघळलेला वायू परत बाहेर येतो आणि स्वच्छ काचेत अचानक सीडचा पाऊस पडल्यासारखा होतो, त्याला रीबॉइल म्हणतात. बाटली उजेडासमोर धरून फिरवली की कुठला दोष आहे ते बऱ्यापैकी कळतं. सीड असेल तर गोल किंवा लांबट, चकचकीत कडेचा, आत पोकळ. स्टोन असेल तर दुधासारखा पांढरा, आणि त्याच्याभोवती काच थोडी लाटेसारखी दिसते, शेपूट असल्यासारखी, कारण विरघळता विरघळता राहिलेल्या दाण्याभोवतीची काच सिलिकानं जड झालेली असते आणि तिच्यातनं प्रकाश वेगळा वाकतो. शंका असली तर दोन पोलरॉइड काचा आडव्या-उभ्या धरून मध्ये बाटली ठेवायची, स्टोनच्या भोवती उजळ चकाकी दिसते, तो ताण. असली बाटली आज नाही तर उद्या तिथंच तडकते. सगळे स्टोन वाळूचेच असतात असं नाही बरं का, भट्टीच्या विटांचा तुकडा पण सुटून येतो, तो जास्त कडक आणि करडा दिसतो, पण नक्की कुठला ते मायक्रोस्कोपखाली घातल्याशिवाय मी तरी सांगत नसे.

तुमचा दुसरा प्रश्न, गार झाल्यावर परत वाळूसारखी का होत नाही, हा माझ्या आवडीचा आहे. ती व्हायला बघतेच! योग्य तापमानाला पुरेसा वेळ दिला तर काचेत खरंच स्फटिक धरतात आणि ती पांढरी, दुधाळ होते, त्याला डीव्हिट्रिफिकेशन म्हणतात. साध्या सोडा-चुन्याच्या काचेत ही भीती साधारण हजार-साडेदहाशे अंशाच्या खाली सुरू होते. त्याच्या वर स्फटिक टिकत नाही, विरघळून जातो. आणि सातशेच्या बरंच खाली गेलं की काच इतकी ताठ होते की अणूंना हलून रांगेत बसताच येत नाही. मधला पट्टा धोक्याचा, त्यातल्या त्यात ९०० च्या आसपास. आपल्याकडच्या माणसाला गुऱ्हाळावरनं हे पटकन कळतं, उसाचा रस आटवून वाफ्यात ओतला आणि गुळव्यानं तो घोटून घोटून गार केला की त्याला दाणा धरतो आणि ढेप अपारदर्शक होते, तोच साखरेचा पाक न हलवता झटकन गार केला तर दाणा धरायला सवड मिळत नाही आणि तो पिवळसर आरपार कडक होतो. काचेचं पण तसंच, फक्त काचेला दाणा धरायला साखरेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो कारण सिलिकाचे अणू एकमेकांना सगळीकडनं जाळ्यासारखे जखडलेले असतात, एक सरकायचा तर आजूबाजूचे बंध तुटायला पाहिजेत. लोखंड किंवा मिठाचा रस गार केला तर तो लगेच स्फटिक होतो, त्याला अडवता येत नाही. सिलिकाला अडवता येतं म्हणून काच हा प्रकार आहे.

बाटली करताना फीडरमधनं, म्हणजे भट्टीतली काच मशिनपर्यंत आणणाऱ्या गरम पन्हळीतनं, काचेचा गोळा साधारण ११०० अंशाला सुटतो, त्याला गॉब म्हणतात, आणि साच्यात हवा मारून बाटली तयार व्हायला काही सेकंदच लागतात. त्या सेकंदांत ती धोक्याच्या पट्ट्यातनं खाली पार होते. नंतर तिला लेहरमध्ये, म्हणजे लांब बोगद्यासारख्या भट्टीत, ५५० अंशाच्या आसपास परत नेऊन हळूहळू गार करतात, पण ते आतला ताण जावा म्हणून, पारदर्शकपणाशी त्याचा संबंध नाही आणि त्या तापमानाला स्फटिक धरायची भीती पण नसते.

अडचण येते मशिन बंद पडल्यावर. एका पावसाळ्यात आमच्याकडं दुरुस्तीसाठी एक लाईन बरेच दिवस बंद राहिली, त्या फीडरचं तापमान कमी करून ठेवलेलं होतं, इंधन वाचावं म्हणून. फीडरच्या कोपऱ्यात, जिथं काच वाहत नाही नुसती पडून असते, तिथं ती साधारण ९५० अंशावर दिवसच्या दिवस बसली. लाईन परत सुरू केली आणि बाटल्यांत बारीक पांढरे ठिपके यायला लागले. आधी सगळ्यांनी वाळूला दोष दिला, जाड दाणे आलेत म्हणून चाळणी काढली, वाळू बरोबर निघाली. मग लक्षात आलं की ठिपके फक्त त्याच लाईनच्या बाटल्यांत येतायत, शेजारच्या लाईनची काच त्याच भट्टीतली आणि स्वच्छ. वाळूचा दोष असता तर सगळीकडं आला असता. ठिपका मायक्रोस्कोपखाली घातला तर आत सुयांसारखे लांब स्फटिक एका केंद्रातनं फुटलेले दिसले, वाळूचा उरलेला दाणा असा दिसत नाही, तो झिजलेला गोलसर असतो. इलाज सोपा होता, फीडरचं तापमान चढवून ११५० च्या पुढं धरायचं आणि तो सगळा माल खाली सोडून द्यायचा, स्फटिक विरघळले की काच परत साफ. त्यानंतर फीडर थांबवायचा झाला तर आम्ही एकतर गरम ठेवायचो नाहीतर पूर्ण रिकामा करायचो, मधल्या तापमानाला ठेवणं बंद केलं.

घरी छोट्या इलेक्ट्रिक भट्टीत जुन्या बाटल्या वितळवून ताटल्या करणारे लोक हल्ली आहेत, त्यांची नेहमीची तक्रार असते की वरनं पांढरट साय आली. ते हेच. धूळ किंवा बोटांचे डाग असले की तिथनं स्फटिक सुरू होतात, म्हणून काच स्वच्छ धुऊन घ्या आणि वितळून झाल्यावर सहाशेपर्यंत लवकर खाली आणा, मग तिथनं पुढं सावकाश.

इथपर्यंत आपण फक्त हद्दी घालवायचं बोललो. पण हद्द नसली म्हणजे पारदर्शक असं नाही, नाहीतर गुळगुळीत लोखंडाचा पत्रा पण आरपार दिसला असता. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की काचेचे अणू अस्ताव्यस्त असतात म्हणून ती पारदर्शक असते. हे चूक आहे. क्वार्ट्झचा स्फटिक अगदी शिस्तीत रचलेला असतो आणि तो पण आरपार दिसतो, आणि उलट धातूंची पण अस्ताव्यस्त रचना करता येते, त्यांना मेटॅलिक ग्लास म्हणतात, ती चकचकीत धातूसारखीच दिसते आणि तिच्यातनं आरपार काही दिसत नाही. खरी गोष्ट इलेक्ट्रॉनची आहे. प्रकाश पुड्या-पुड्यांनी येतो, प्रत्येक पुडीत ठरावीक ऊर्जा. इलेक्ट्रॉनला ती पुडी गिळायची तर त्याला वरच्या पायरीवर उडी मारायला ती पुरली पाहिजे, अर्धी गिळता येत नाही. सिलिकामध्ये सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या बंधातले इलेक्ट्रॉन इतके घट्ट धरलेले असतात की पहिली पायरीच साधारण ९ इलेक्ट्रॉन व्होल्टवर आहे. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची पुडी तांबड्याला पावणेदोनच्या आसपास आणि जांभळ्याला तीनच्या थोडी वर. त्यामुळं एकाही रंगाची पुडी गिळली जात नाही आणि सगळा प्रकाश पुढं जातो. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात, त्यांना कितीही लहान पुडी चालते, म्हणून पत्र्यातनं काही जात नाही.

अस्ताव्यस्त रचनेचा उपयोग आहे तो इतकाच की स्फटिकांच्या दाण्यांमधल्या हद्दी तयार होत नाहीत. अणूंमधली उंचसखल अव्यवस्था प्रकाशाच्या लहरीपेक्षा हजारो पटीनं लहान असते, प्रकाशाला ती जाणवतच नाही. चिनीमातीचा कप घ्या, त्याच्यात पण बरीचशी सिलिकाच असते, पण आत दाणे आणि बारीक छिद्रं राहिलेली असतात म्हणून पांढरा.

सोडा घातल्यावर इलेक्ट्रॉनची ती ९ व्होल्टची पायरी थोडी खाली येते, त्यामुळं साधी काच अल्ट्राव्हायोलेटचा बराचसा भाग अडवते, ज्या किरणांनी कातडी भाजते ते खिडकीच्या काचेतनं फारसे येत नाहीत. दिसणारा प्रकाश मात्र जवळजवळ पूर्ण जातो. चांगल्या खिडकीच्या काचेतनं ९० टक्क्यांच्या आसपास पलीकडं पोचतो, आणि जे ८ टक्के हमखास जातात ते काचेनं खाल्लेले नसतात, पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरनं चार-चार टक्के परत फिरलेले असतात.

आता कृष्णेच्या वाळूकडं येऊ. इथं खेळ बिघडवतं ते लोखंड. लोखंडाच्या इलेक्ट्रॉनच्या पायऱ्या जवळजवळ असतात, त्याला दिसणाऱ्या प्रकाशातल्या पुड्या गिळता येतात. खिडकीची काच समोरनं बघितली तर स्वच्छ, पण कडेनं बघा, हिरवी दिसते, कारण कडेनं प्रकाश लांबवर काचेतनं येतो आणि आतलं लोखंड तांबडा भाग खात येतं. तेवढा हिरवेपणा यायला लोखंडाचं ऑक्साइड हजारात एक भाग पुरतं. पांढऱ्या बाटलीसाठी वाळूत ०.०३ टक्क्यांच्या आसपास चालतं, म्हणजे एक टन वाळूत ३०० ग्रॅम. त्याच्या वर गेलं की रंग यायला लागतो, मग सेलेनियम आणि कोबाल्ट ग्रॅमग्रॅमनं टाकून हिरव्यावर गुलाबी-निळी छटा चढवून तो मारतात, पण त्यानं लोखंड जात नाही, उलट थोडा जास्त प्रकाश खाल्ला जातो, नजरेला फक्त रंग दिसत नाही. भंगार काचेतनं बाटलीची पत्र्याची बुचं आली तरी फरक पडतो, म्हणून तिच्यावर लोहचुंबक फिरवायचा असतो.

आपली कृष्णा, कोयना, वारणा या सगळ्या सह्याद्रीच्या काळ्या कातळातनं येतात. तो बसाल्ट, ज्वालामुखीचा दगड, त्याच्यात लोखंडाची ऑक्साइडं दहा टक्क्यांच्या वर असतात आणि मोकळं क्वार्ट्झ जवळपास नसतंच. म्हणजे पांढऱ्या काचेला चालेल त्याच्या तीनशे-चारशे पट लोखंड. वितळवली तर ती वितळते, अगदी सोडा न घालता सुद्धा १२००-१३०० अंशाला वितळते, आणि झटकन गार केली तर काच पण होते, पण काळी कुळकुळीत, पातळ काप काढला तरच कडेला जरा तपकिरी-हिरवट उजेड दिसेल. धुऊन किंवा चुंबकानं साफ करून पण उपयोग नाही, कारण लोखंड दाण्याच्या वर लागलेलं नाही, दाण्याच्या आतच आहे. बांधकामाला ती वाळू उत्तम, काचेला नाही.

म्हणून आपल्या भागात काचेची वाळू बाहेरनंच यायची. महाराष्ट्रात कोकणात कणकवली तालुक्यात कासार्ड्याच्या बाजूला सिलिका वाळू निघते, ती घाट चढून वर येते. कराडजवळच्या ओगलेवाडीला १९१६ साली ओगले बंधूंनी काच कारखाना काढला, प्रभाकर कंदील आणि त्यांच्या काचा तिथल्याच, आमच्या आजोबांच्या पिढीत सातारा-सांगलीच्या घराघरात तो कंदील होता. कंदिलाच्या काचेला तर हे सगळंच लागू होतं, जरा लोखंड जास्त झालं तर उजेड कमी, आणि एक बारीक स्टोन राहिला तर ज्योत लागली की काच तडकणार.

आता काच वर्षानुवर्षं आरपार राहते ती कशानं, हे तुम्ही विचारलेलं नाही पण सांगतो, कारण इथं चुन्याचं काम कळतं. वाळू आणि सोडा एवढ्यावर काच करता येते, स्वस्तात आणि कमी तापमानाला, आणि ती सुरुवातीला सुंदर आरपार पण असते. पण ती पाण्यात विरघळते, तिला वॉटरग्लास म्हणतात, सोडियम सिलिकेट म्हणून बाजारात मिळतं. चुना घातला की काच पाण्याला टिकते, कारण कॅल्शियम त्या जाळ्यात सोडियमपेक्षा घट्ट बसतो आणि सोडियमची ये-जा अडवतो. तरी थोडा सोडियम पृष्ठभागावरनं निघतोच.

पावसाळ्यात हे मला बॅच हाऊसला फार जपावं लागायचं. वाळू ओली येते. वजन आपण ७२० किलो करतो, पण त्यात ३ टक्के पाणी असेल तर खरी वाळू ६९८ किलो, आणि जुलैत कोकणातनं आलेल्या ट्रकात ७ टक्के पाणी असेल तर ६७० किलोच. सोडा मात्र कोरडा, त्याचं वजन तेवढंच. म्हणजे २८ किलो सिलिका कमी पडली आणि काचेत सोड्याचं प्रमाण वाढलं. काच दिसायला तशीच दिसते, उलट जरा लवकर वितळते म्हणून भट्टीवाले खूश, पण ती ओलाव्याला कमी टिकते आणि साच्यात पण वेगळी वागते. म्हणून प्रत्येक पाळीत वाळूतला ओलावा मोजून वजन बदलायचं, आणि रोज काचेची घनता बघायची. काचेचा छोटा तुकडा जड द्रवात टाकून तो कुठल्या तापमानाला बुडतो ते बघतात, तिसऱ्या दशांश स्थानात फरक आला तरी बॅचमध्ये काहीतरी हललंय हे कळतं, बाटलीत दोष दिसायच्या आधी.

महाबळेश्वर, पाटण, कोयनेकडं ज्यांचं काचेचं दुकान आहे त्यांना हे दुसऱ्या बाजूनं माहीत असतं. खिडकीला बसवलेली काच पावसात वर्षानुवर्षं चांगली राहते आणि गोडाऊनमध्ये एकमेकींना चिकटून ठेवलेल्या काचा एका पावसाळ्यात खराब होतात. खिडकीवरचं पाणी वाहून जातं, निघालेला सोडियम पण त्याच्याबरोबर जातो. दोन काचांच्या मध्ये अडकलेला पाण्याचा पातळ थर मात्र तिथंच बसतो, त्याच्यात सोडियम साठत जातो, ते पाणी अल्कली होतं, आणि अल्कली पाणी मग काचेच्या सिलिकाच्या जाळ्यालाच खायला लागतं. पृष्ठभाग खरखरीत झाला, म्हणजे परत तीच वेडीवाकडी हद्द आणि परत पांढरेपणा. म्हणून चांगला माल येतो त्यात काचांच्या मध्ये कागद किंवा पावडर असते, ती काढून टाकू नका. काचा उभ्या, थोड्या तिरक्या, भिंतीपासनं लांब आणि हवा खेळती राहील अशा ठेवा. पेटी थंड गाडीतनं उतरवून दमट गोडाऊनमध्ये लगेच उघडली की काचेवर दव धरतं, ती आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

डाग पडलेच तर उजेडात तिरकी धरून बघा. नुसता पांढरट धूसरपणा असेल तर तो सोड्याचा क्षार, पाण्यानं किंवा पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसला की बरेचदा जातो. इंद्रधनुष्यासारखे रंग दिसत असतील तर वरच्या थरातला सोडियम निघून गेलेला आहे, तो पुसून जात नाही, सेरियम ऑक्साइडच्या पॉलिशनं घासून थर काढावा लागतो. आणि बोटाला खरखर लागत असेल तर घासायच्या भानगडीत पडू नका, साध्या खिडकीच्या काचेला तेवढी मजुरी परवडत नाही, ती भंगारात द्या, परत भट्टीत जाईल.